कलर मोठा की सिक्वेन्स

माझ्या सासरी पत्ते खेळणं हा दिवाळीच्या फराळाइतकाच रीतीचा भाग आहे. मी घाटावरची. लग्न होऊन मालवणला आले तेव्हा मला चौकट आणि बदाम यांत फरक आहे एवढंच माहीत होतं. आमच्याकडे पत्ते म्हणजे बिघडलेली माणसं. इथे पहिल्याच दिवाळीत सासऱ्यांनी पडवीत चटई अंथरली, पत्ते पिसले आणि मला विचारलं, "सूनबाय, बसतंस?" मी नाही म्हटलं. तेव्हापासून चौदा वर्षं मी नाहीच म्हणत आले. आणि तरी त्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या घराचा न्यायनिवाडा माझ्याकडे आला.

त्याचं कारण माझा पेशा. मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. अकरावीला परम्युटेशन-कॉम्बिनेशन दर वर्षी दिवाळीनंतर येतं, आणि त्या धड्यातली अर्धी गणितं पत्त्यांवर असतात. बावन्न पानांतून पाच पानं किती प्रकारे निवडता येतील, वगैरे. ती मी फळ्यावर डोळे मिटून सोडवते. पाच पानं हातात घेऊन मात्र मी कधी बसले नव्हते.

सासरे तरुणपणी मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. सगळ्या जगातली बंदरं त्यांनी भटारखान्याच्या गोल खिडकीतून पाहिली, असं ते स्वतःच सांगतात. बोटीवर एका ग्रीक इंजिनिअरने त्यांना पाच पानांचा पोकर शिकवला. घरी ते तोच खेळतात, पैशांऐवजी चिंचोके लावून. समोर बसायचे भावोजी, म्हणजे माझ्या नणदेचे यजमान. ते मुंबईला रेल्वेत तिकीट तपासनीस आहेत. माणूस प्रेमळ, पण वीस वर्षं लोकांची तिकिटं उलटसुलट करून पाहिल्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीची एकच बाजू पुरत नाही. लाडू दिला तरी खालून बघतात. भावोजींचं सगळं शिक्षण तीन पत्तीचं. पोकर त्यांना सासऱ्यांनीच शिकवला होता, आणि तोही घाईघाईत, जोडी म्हणजे काय, तीन सारखी म्हणजे काय, एवढाच.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला डाव रंगला. दोघांनीही आपापल्या पुढचे सगळे चिंचोके मधे सरकवले. मी कोपऱ्यात सहामाहीचे पेपर तपासत होते, पण पडवीतली शांतता ऐकू आली म्हणून मान वर केली. भावोजींनी पानं उघडली. पंजा, छक्का, सत्ता, अठ्ठा, नव्वा. वेगवेगळ्या रंगांची, पण एका ओळीत.

"सिक्वेन्स," ते म्हणाले आणि चिंचोक्यांकडे हात नेला.

सासऱ्यांनी आपली पानं एकेक करून मांडली. राजा, दश्शी, सत्ता, चौकी, दुर्री. पाचही बदामाची.

"कलर," ते म्हणाले आणि त्यांनीही हात नेला.

दोन हात चिंचोक्यांच्या ढिगावर एकमेकांवर पडले.

"बाबा, सिक्वेन्स मोठी असते," भावोजी हसत म्हणाले.

"जावयबापू, कलर मोठो," सासरेही हसत म्हणाले.

पाच मिनिटांनी कुणीच हसत नव्हतं. भावोजींचं म्हणणं, शाळेत असल्यापासून खेळतोय, कुठल्याही चाळीत, कुठल्याही लग्नघरात विचारा, सिक्वेन्ससमोर कलर म्हणजे काहीच नाही. सासऱ्यांचं म्हणणं, "माका बोटीर शिकयल्यानी तां खोटां कसां? थंय सगळ्या देशांची माणसां खेळायची."

मग मोबाईल निघाले. भावोजींनी शोधलं आणि वाचून दाखवलं की सिक्वेन्स कलरपेक्षा मोठी. सासऱ्यांनी नणदेला शोधायला लावलं. तिने वाचून दाखवलं की कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा. दोन्ही मोबाईल एकाच घरातले, एकाच वायफायवरचे. सासऱ्यांनी हात झटकला. "मोबाईलात काय, कोणव कायव लिवता."

भावोजी उठले आणि अंगणातल्या माडाच्या बुंध्याशी खुर्ची टाकून बसले. सासूबाईंनी घावणे आणि चटणी पाठवली. ताट तसंच परत आलं. भूक नाही म्हणाले.

आता सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. त्या पत्ते खेळत नाहीत आणि खेळणाऱ्यांना काही बोलतही नाहीत. पण घरचा जावई माडाखाली उपाशी बसलेला त्यांना खपण्यासारखं नव्हतं. त्या सुपात कुळीथ घेऊन पडवीत आल्या, बसल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गो सूनबाय, तू गणिताची मास्तरीण मां?"

"हो."

"मगे ह्यां काय ता एकदा सांगून सोड. माका दुपारचां जेवण वाढूक व्हया."

खरं सांगायचं तर मला उत्तर ठाऊक नव्हतं. म्हणजे कुठलं प्रकरण कुठल्या सूत्राने सुटतं ते ठाऊक होतं. परीक्षेला पाच पानांत फक्त राजे किती, राण्या किती असले प्रश्न येतात. प्रत्येक प्रकारच्या हाताची संख्या काढून त्या एकाखाली एक मांडाव्या असं मला कधी सुचलं नव्हतं. पण पत्त्यांचा हा एकच नियम मला तर्काने पटणारा होता: जे मिळणं जास्त कठीण ते मोठं. मग मोजलं की झालं.

पडवीत माझा शिकवणीचा फळा भिंतीला टेकवलेला असतो. मी तो पुसला आणि माडाकडे बघून मोठ्याने म्हटलं, "भावोजी, मी मोजून दाखवते. तपासायला कुणीतरी हवं."

तपासायला म्हटल्यावर ते आले. खुर्ची घेऊनच आले.

मी सुरुवात केली. पहिलं पान बावन्नातलं कुठलंही, दुसरं एक्कावन्नातलं, मग पन्नास, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. यांचा गुणाकार एकतीस कोटींच्या वर जातो.

"एवढे हात?" सासरे खूश झाले. आपण एवढ्या मोठ्या समुद्रात खेळतो हे त्यांना आवडलं.

"नाही बाबा. तुमची ही पाच बदामं तुमच्या हातात कुठल्या क्रमाने आली याला काही अर्थ आहे का? राजा आधी आला काय, दुर्री आधी आली काय, हात तोच. पाच पानं एकशे वीस तऱ्हांनी मागेपुढे करता येतात. म्हणजे प्रत्येक हात आपण एकशे वीस वेळा मोजला. त्याने भागायचं."

भावोजींनी मोबाईलवर भागून पाहिलं. पंचवीस लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे साठ. मी तो आकडा फळ्याच्या डोक्यावर लिहिला आणि भोवती चौकट केली.

मग कलर. एका रंगाची तेरा पानं, त्यांतून पाच निवडायची. बाराशे सत्त्याऐंशी तऱ्हा. रंग चार, म्हणून पाच हजार एकशे अठ्ठेचाळीस. मग सिक्वेन्स. ती एक्क्यापासून सुरू होऊ शकते, दुर्रीपासून, असं करत दश्शीपर्यंत, कारण एक्का राजाच्या पुढेही बसतो. दहा सुरुवाती. प्रत्येक जागी चारपैकी कुठलाही रंग चालतो, म्हणजे चार गुणिले चार असं पाचदा, एक हजार चोवीस. दहा हजार दोनशे चाळीस.

"यांत काही हात दोन्हीकडे आलेत," मी म्हटलं. "एका ओळीतले आणि एका रंगाचेही. दहा ओळी, चार रंग, चाळीस. ती पक्की सिक्वेन्स, तिचा मान वेगळा. म्हणून दोन्हींतून चाळीस वजा."

फळ्यावर दोन आकडे उरले. कलर पाच हजार एकशे आठ. सिक्वेन्स दहा हजार दोनशे.

"सिक्वेन्स जवळजवळ दुप्पट वेळा येते," मी म्हटलं. "साधारण अडीचशे हातांत एकदा. कलर पाचशे हातांत एकदा. म्हणून कलर मोठा."

सासऱ्यांनी चिंचोके पुढे ओढायला सुरुवात केली.

"थांबा," भावोजी म्हणाले. ते तिकिटाची मागची बाजू बघायला निघाले होते. "वहिनी, ही तुमची रीत बरोबर आहे हे कशावरून? तुम्ही म्हणाल तेवढ्याने गुणलं, म्हणाल तेवढं वजा केलं."

हा प्रश्न मला वर्गात चौदा वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि मला तो फार आवडला. मी जरा चढलेच. मी म्हटलं, "चांगलं. मग सगळेच प्रकार मोजू. प्रत्येक हात कुठल्यातरी एकाच प्रकारात बसतो. सगळ्यांची बेरीज चौकटीतल्या आकड्याइतकी यायला हवी. एकाचा जरी फरक पडला तरी मी चुकले."

हे वाक्य बोलायला नको होतं, पण ते मला पुढे कळलं.

मी भराभर लिहीत गेले. चार सारखी पानं, म्हणजे तेरांतला एक आकडा आणि उरलेल्या अठ्ठेचाळीसांतलं एक पान: सहाशे चोवीस. तीन सारखी आणि वर एक जोडी, ज्याला सासरे फुल हाऊस म्हणतात: तीन सारख्यांचा आकडा तेरांतून, त्या चार पानांतली तीन घ्यायच्या चार तऱ्हा, जोडीचा आकडा उरलेल्या बारांतून, त्यांतली दोन घ्यायच्या सहा तऱ्हा. तीन हजार सातशे चव्वेचाळीस. नुसती तीन सारखी, चोपन्न हजार नऊशे बारा. एकच जोडी, दहा लाख अठ्ठ्याण्णव हजार दोनशे चाळीस. काहीच नाही असे हात, तेरा लाख दोन हजार पाचशे चाळीस.

"म्हंजे अर्ध्याच्या वर येळा हातात कायच येणा नाय," सासरे म्हणाले. "ह्यां माका बोटीर कोणी सांगूक नाय. माका वाटायचा माझांच नशीब."

दोन जोड्या राहिल्या होत्या. पहिली जोडी तेरा आकड्यांतून, सहा तऱ्हा. दुसरी बारांतून, सहा तऱ्हा. पाचवं पान उरलेल्या चव्वेचाळीसांतलं. दोन लाख सत्तेचाळीस हजार एकशे चार. मी खडू ठेवला आणि हात झटकले.

"करा बेरीज," मी म्हटलं.

भावोजींनी बेरीज केली. पुन्हा केली. मोबाईल माझ्यापुढे धरला. सत्तावीस लाख बावीस हजार पाचशे बारा.

"लाख-सव्वा लाख हात जास्तीचे आहेत, वहिनी," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. विनातिकीट प्रवासी सापडल्यावर ते असंच हळू बोलत असणार.

मी स्वतः बेरीज केली, तीच आली. मग एकेक ओळ वरून खाली पाहिली. मला सगळ्या बरोबर दिसत होत्या. परीक्षेत मुलांना असं होतं तेव्हा मी त्यांना सांगते की शांतपणे पुन्हा वाच. हा सल्ला किती निरुपयोगी आहे ते मला त्या दिवशी कळलं. सासऱ्यांनी ओढलेले चिंचोके मुकाट्याने पुन्हा मधे ढकलले. भावोजी म्हणाले, "एक चुकलं म्हणजे बाकीची तरी बरोबर कशावरून?" आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

सासूबाई इतका वेळ कुळथातले खडे काढत होत्या. त्यांनी विचारलं, "खंय अडला?"

"कुठेतरी जास्त मोजलंय, आई. कुठे ते दिसत नाही."

"माका दाखय. पानां घेऊन दाखय, आकडे नको."

मी त्यांच्यासमोर चटईवर एकेक प्रकार मांडत गेले. चार सारखी. त्यांनी मान हलवली. तीन सारखी आणि जोडी, तीन राजे, दोन राण्या. मान हलवली. मग दोन जोड्या. मी म्हटलं, "आधी तेरांतून एक आकडा निवडला, समजा राजा. त्याची जोडी घेतली. मग उरलेल्या बारांतून एक, समजा राणी. तिची जोडी. आणि हे एक पाचवं."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आणि आदी राणी घेतलंस नि मगे राजा, तर?"

"तर तेही त्यात आलंच. तेरांत राणीही आहे."

"पण पानां तीच मां ती?" त्यांनी राजांची जोडी उचलून राण्यांच्या पलीकडे ठेवली. "ह्यां बग. काय बदालला? मगे तू तां दोनदा कित्या मोजतंस?"

मी फळ्याकडे पाहिलं. दोन लाख सत्तेचाळीस हजार एकशे चार. त्याचं अर्धं एक लाख तेवीस हजार पाचशे बावन्न. आणि जास्तीचे हात नेमके तेवढेच होते.

एकशे विसाने का भागायचं यावर मी त्याच माणसांना दहा मिनिटं व्याख्यान दिलं होतं. क्रमाला अर्थ नाही, क्रमाला अर्थ नाही, असं तीनदा म्हटलं होतं. आणि दोन जोड्यांपाशी येऊन मीच एक जोडी पहिली आणि एक दुसरी केली. दोन्ही आकडे एकदमच निवडायला हवे होते, तेरांतून दोन, अठ्ठ्याहत्तर तऱ्हा.

"मग फुल हाऊसमधे का नाही अर्धं करायचं?" भावोजींनी विचारलं. ते आता खुर्ची सोडून चटईवर आले होते.

मी उत्तर द्यायच्या आत सासूबाईंनीच दिलं. "तीन राजे नि दोन राण्यो, नि तीन राण्यो नि दोन राजे, हे एक कसे होतले? थंय पानांच बदालतत." आणि त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मी आकडा खोडून बरोबर केला. भावोजींनी तिसऱ्यांदा बेरीज केली. पंचवीस लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे साठ, एकही हात कमी नाही की जास्त नाही. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणाले, "मान्य. कलर मोठा."

मी पाहिलं तर त्यांचा चेहरा फार पडला होता. चिंचोक्यांचं त्यांना काही नव्हतं. पण शाळेपासूनची चाळ, लग्नघरं, सगळं एका फळ्यावर खोटं ठरलं होतं. सासऱ्यांनाही ते दिसलं असावं, कारण ते चिंचोके ओढायचं विसरून गेले. नणद दारात उभी होती, तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा खडू उचलला.

"भावोजी, तुम्ही तीनच पानांनी खेळता ना?"

"हो."

"मग तीन पानांचं काढू."

फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात मी ते काढलं. बावन्नांतून तीन पानं, बावीस हजार शंभर तऱ्हा. कलर: तेरांतून तीन, दोनशे शहाऐंशी, गुणिले चार, अकराशे चव्वेचाळीस. सिक्वेन्स: आता ओळी बारा, एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत. प्रत्येक ओळीत चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट. सातशे अडुसष्ट. दोन्हींतून पक्क्या सिक्वेन्सचे बारा गुणिले चार, अठ्ठेचाळीस वजा. कलर एक हजार शहाण्णव, सिक्वेन्स सातशे वीस.

लिहिता लिहिता माझा हात मंदावला. मला हे येईल असं वाटलं होतं, पण खात्री नव्हती.

"तीन पानांत सिक्वेन्सच कमी वेळा येते," मी म्हटलं. "म्हणजे तुमचंही बरोबर आहे. पानं वाढली की सिक्वेन्सला प्रत्येक नव्या जागेवर चार रंगांची मोकळीक मिळत जाते. कलरला मात्र प्रत्येक नवं पान त्याच रंगाचं लागतं. म्हणून पुढे सिक्वेन्स सोपी होते नि कलर कठीण."

"म्हंजे दोनय मोबाईल बरोबर," सासरे म्हणाले.

"दोन्ही बरोबर. एक तीन पानांचं सांगत होता, एक पाचांचं."

भावोजींनी पाठ ताठ केली. सासऱ्यांनी चिंचोक्यांचे दोन सारखे ढीग केले. खरं म्हणजे डाव पाच पानांचा होता आणि ढीग सगळा त्यांचाच होता, पण तो विषय त्यांनी काढला नाही.

इथेच थांबायला हवं होतं. पण कोपऱ्यात थोडी जागा उरली होती आणि मला मोजण्याची चटक लागली होती. मी ट्रेलही मोजली, म्हणजे तीन सारखी पानं. तेरा आकडे, प्रत्येकी चार तऱ्हा, बावन्न.

"ट्रेल सगळ्यांत मोठी ना, भावोजी?"

"सगळ्यांत."

"पक्क्या सिक्वेन्सपेक्षाही?"

"अर्थात."

"पक्की सिक्वेन्स अठ्ठेचाळीस वेळा येते. ट्रेल बावन्न वेळा. म्हणजे हिशेबाने पक्की सिक्वेन्स मोठी हवी. सगळे उलट खेळतात."

भावोजी म्हणाले, "वहिनी, हे मात्र मी ऐकून घेणार नाही."

"तां बरोबर नाय, सूनबाय," सासरेही म्हणाले. "तीन एक्के ते तीन एक्के."

अर्ध्या तासापूर्वी एकमेकांचं तोंड न बघणारे सासरा-जावई माझ्याविरुद्ध एक झाले. मी सगळे प्रकार पुरे करायला म्हणून तीन पानांतली जोडी मोजली. जोडीचा आकडा तेरांतून, सहा तऱ्हा, तिसरं पान उरलेल्या अठ्ठेचाळीसांतलं. तीन हजार सातशे चव्वेचाळीस. भावोजींनी तो आकडा पाहिला, फळ्याच्या वरच्या भागाकडे पाहिलं, आणि बोट ठेवलं.

"हा आकडा तुम्ही तिथून उचललात."

खरोखरच वर फुल हाऊससमोर तोच आकडा होता. तीन हजार सातशे चव्वेचाळीस. मी पुन्हा गुणून दाखवलं. दोन्ही बरोबर होते. योगायोग, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण डोळे बारीक करून. योगायोगाने तिकीट घरी राहिलं असं सांगणारे त्यांना रोज भेटतात.

मग सासूबाई उठल्या, आणि सगळे जेवायला बसले. सुरमईचं तिखलं होतं. भावोजींनी तीनदा भात घेतला.

सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं. मी तो धडा काढला, आणि पहिल्या दिवशी सासऱ्यांचे पत्ते पिशवीत घालून नेले. वर्गातल्या निम्म्या मुलींना किलवर कुठलं आणि इस्पिक कुठलं ते सांगता येत नाही, कारण त्यांच्या घरी भाऊ खेळतात आणि त्या खेळत नाहीत. मी गड्डी बाकांवरून फिरवली. भांडण सांगितलं नाही, पण सगळे प्रकार मुलांकडूनच मोजून घेतले. दोन जोड्यांपाशी वर्गातल्या चाळीसपैकी बहुतेकांनी दुप्पट मोजलं. मी मुद्दाम गप्प राहिले आणि बेरीज करा म्हटलं. त्यांचे चेहरे बघताना मला फार बरं वाटलं.

शेवटी मी त्यांना दोन सारख्या आकड्यांबद्दल सांगितलं. पाच पानांतलं फुल हाऊस आणि तीन पानांतली जोडी, दोन्ही तीन हजार सातशे चव्वेचाळीस. "योगायोग आहे," मी म्हटलं आणि डस्टर उचललं.

तिसऱ्या बाकावरची मुलगी पानं चाळत होती. ती शिरोड्याहून एसटीने येते, आणि वर्गात तिचा आवाज मी जूनपासून दोनदा ऐकला असेल. ती उभी राहिली.

"मॅडम, योगायोग नाही."

"का गं?"

ती पानं घेऊन माझ्या टेबलापाशी आली. तिने तीन राजे मांडले आणि दोन राण्या. फुल हाऊस. मग तिने ते तीन राजे उचलून बाजूला ठेवले, गड्डीतून उरलेला चौथा राजा शोधून काढला आणि तो राण्यांशेजारी ठेवला.

"आता ही तीन पानं. राण्यांची जोडी आणि एक राजा."

तिने बाजूच्या तीन राजांवर बोट ठेवलं.

"चारांतले तीन घेणं म्हणजे चारांतला एक मागे ठेवणं," ती म्हणाली. "प्रत्येक फुल हाऊसवरून अशी तीन पानांतली एकच जोडी मिळते. आणि अशा जोडीवरून उलटं फुल हाऊस करता येतं. म्हणून दोन्ही सारखेच असणार. मोजायची गरजच नाही."

चौदा वर्षं मी फळ्यावर लिहीत आलेय की चारांतून तीन निवडणं आणि चारांतून एक निवडणं यांच्या तऱ्हा सारख्या. त्याचा अर्थ असा हातात धरता येतो हे मला त्या मुलीने दाखवलं. मी तिला ते पुन्हा एकदा सगळ्यांना दिसेल असं करायला लावलं. दुसऱ्यांदा करताना तिचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता.

त्या संध्याकाळी मी भावोजींना फोन करून सांगितलं. ते ऐकत राहिले, मधे दोनदा "थांबा" म्हणाले, पलीकडे पानांची सळसळ ऐकू आली.

"म्हणजे तुम्ही उचलला नव्हता आकडा," ते शेवटी म्हणाले.

"नव्हता."

"बरं. मुलगी हुशार आहे."

आठवड्याने त्यांचाच फोन आला. ड्युटीवरून उतरून प्लॅटफॉर्मवरूनच बोलत होते, मागे घोषणा चालू होती.

"वहिनी, चार पानांचं काढलं मी. एकट्याने. तुम्ही लिहून घ्या आणि तपासा."

मी पेन घेतलं. त्यांनी सांगितलं की चार पानांत ओळी अकरा, प्रत्येकीत दोनशे छप्पन्न तऱ्हा, दोन हजार आठशे सोळा. त्यातून अकरा गुणिले चार, चव्वेचाळीस पक्क्या वजा. दोन हजार सातशे बाहत्तर. कलरसाठी तेरांतून चार, सातशे पंधरा, गुणिले चार, वजा तेच चव्वेचाळीस. दोन हजार आठशे सोळा.

मी तपासलं. बरोबर होतं.

"फरक फक्त चव्वेचाळीसचा," ते म्हणाले. "पण सिक्वेन्सच मोठी."

"हो, सिक्वेन्सच मोठी."

"बाबांना सांगा."

मी बाहेर पडवीत जाऊन सासऱ्यांना सांगितलं. ते विड्याच्या पानाला चुना लावत होते. त्यांनी दोन्ही आकडे मला पुन्हा वाचायला लावले आणि पान दुमडलं.

"चार पानांचो खेळ," ते म्हणाले, "खंयच्याच देशात कोण खेळणा नाय. तेंका सांग."

मी सांगितलं. भावोजी म्हणाले, मग आपण सुरू करू.